चौथा डबा आणण्याआधी चमचा तपासा

«माझा मुलगा साडेतीन महिन्यांचा आहे, वजन ५ किलो ६०० ग्रॅम. अडीच महिन्यांपर्यंत अंगावर पाजलं, मग दूध कमी पडलं आणि डब्याचं सुरू केलं. आठवड्याभरात शी करताना दहा-पंधरा मिनिटं लालबुंद होऊन रडायला लागला, शी मात्र मऊ असायची. बद्धकोष्ठ समजून आम्ही डबा बदलला, मग आणखी एकदा बदलला. आता तीन-तीन दिवस शी होत नाही आणि झाली की लेंड्यांसारखे खडे पडतात. काल वर रक्ताची रेघ होती. दिवसातून सात वेळा १२० मिली देते. रात्रीची बाटली नवरा करतो, तो आधी पावडर टाकतो आणि वर १२०च्या खुणेपर्यंत पाणी भरतो. सासूबाई म्हणतात दूध पातळ कर आणि मध चाटव. बहीण म्हणते कमी लोहाचा डबा घे. चौथा डबा आणू का?»

नको. घरात आहे तोच डबा चालू ठेवा, पुढच्या बाटलीपासून ती करण्याची पद्धत दुरुस्त करा, आणि रक्त दिसलंय म्हणून दोन दिवसांच्या आत बाळाला बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मध द्यायचा नाही आणि दूधही पातळ करायचं नाही. या दोन्हींत खरा धोका आहे, तो पुढे सांगतेच.

सुरुवात जिथून झाली तिथूनच बघू, कारण माझ्या मते पहिला डबा बदलायची गरजच नव्हती. बाळ लाल होतं, कुंथतं, कळवळून रडतं आणि शेवटी मऊ शी करतं, तेव्हा ते बद्धकोष्ठ नसतं. शी बाहेर पडायला दोन गोष्टी एकाच वेळी व्हाव्या लागतात: पोटाचा दाब वाढला पाहिजे आणि त्याच क्षणी गुदद्वाराचा स्नायू सैल पडला पाहिजे. काही बाळांना पहिले काही महिने हा मेळ जमत नाही. ती जोर लावतात आणि खालचं दार मात्र आवळून धरतात. रडण्यामुळे पोटावर दाब येतो, मधेच कधीतरी स्नायू सुटतो आणि शी होते. वैद्यकात याला शिशु-डिस्केझिया असं नाव आहे. नऊ महिन्यांच्या आतल्या निरोगी बाळांत हे दिसतं आणि औषधाशिवाय आपोआप जातं. दूध बदलून ते जात नाही, कारण अडचण दुधात नसतेच.

म्हणून बद्धकोष्ठ ठरवताना बाळाच्या चेहऱ्याकडे न बघता डायपरमध्ये काय आहे ते बघायचं. वरचं दूध पिणारं बाळ रोज शी करेल, नाहीतर दोन दिवसांतून एकदा करेल. शी मऊ असली, पोट मऊ असलं आणि दूध नीट जात असलं तर दिवस मोजत बसण्यात अर्थ नाही. कडक गोळे, सुकलेल्या लेंड्या, वर रक्ताची रेघ हे मात्र खरं बद्धकोष्ठ. तुमचं बाळ आता तिथे पोचलंय. म्हणजे सुरुवातीला जे नव्हतं ते मधल्या काळात तयार झालं, आणि या मधल्या काळात काय काय बदललं हे शोधायला हवं.

एक बदल अटळ होता, आईच्या दुधावरून पावडरवर येण्याचा. वरच्या दुधावरच्या बाळाची शी अंगावरच्या बाळापेक्षा घट्टच असते, आणि त्याचं एक कारण चरबीत आहे. आईच्या दुधात पामिटिक आम्ल नावाचं स्निग्धाम्ल चरबीच्या कणाच्या मधल्या जागी बसलेलं असतं आणि पचनात ते तसंच शोषलं जातं. पाम तेल वापरलेल्या पावडरींमध्ये हेच आम्ल बाजूच्या जागांवर असतं. पचनात ते सुटं होतं आणि आतड्यातल्या कॅल्शियमला जाऊन चिकटतं. स्निग्धाम्ल आणि कॅल्शियम मिळून जे बनतं तो रसायनशास्त्राच्या भाषेत साबणच असतो, पाण्यात न विरघळणारा. तो शीमध्ये उतरतो आणि तिला कडकपणा देतो. डबा बदलावा की नाही या प्रश्नाचं अर्धं उत्तर याच माहितीत आहे, त्याच्याकडे मी परत येईन.

दुसरा बदल टाळता येण्यासारखा आहे, आणि तुमच्या पत्रात मला तो स्पष्ट दिसतो. तुमच्या घरात एकाच बाळासाठी दोन प्रकारचं दूध तयार होतंय.

रात्रीच्या बाटलीचा हिशेब करून बघा. तुमच्या डब्यावर ३० मिली पाण्याला एक चमचा असं प्रमाण आहे असं धरू. म्हणजे १२० मिली पाण्याला चार चपटे चमचे. या चार चमच्यांत साधारण १७-१८ ग्रॅम पावडर येते आणि विरघळल्यावर ती अंदाजे १३ मिली जागा घेते. आधी पाणी आणि मग पावडर घातली की तयार दूध १३३ मिलीच्या आसपास भरतं, आणि तेच बरोबर आहे. आधी पावडर टाकून वर १२०च्या खुणेपर्यंत पाणी ओतलं, तर बाटलीत पाणी १०७ मिलीच गेलं. पावडर पूर्ण, पाणी १३ मिली कमी. दूध जवळजवळ आठव्या हिश्शाने जास्त घट्ट झालं.

एका बाटलीत हे फारसं वाटत नाही. पण दिवसाच्या सातही बाटल्या अशाच झाल्या तर बाळाच्या पोटात सुमारे ९० मिली पाणी कमी जातं, आणि साडेपाच किलोच्या बाळासाठी ते थोडं नाही. त्याच्या किडनीला जास्तीचे क्षार बाहेर टाकायला पाणी लागतं, आतडं शीमधून होईल तेवढं पाणी ओढून घेतं आणि मागे खडे उरतात. गरमीच्या दिवसांत किंवा बाळाला ताप असताना असं घट्ट दूध मिळत राहिलं, तर रक्तातलं सोडियम वाढण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

त्यात चमच्याची भर पडते. पावडर डब्याच्या कडेला दाबून चमचा भरला किंवा शीग लावून घेतला, तर चपट्या चमच्यापेक्षा बरीच जास्त पावडर आत जाते. घरात ग्रॅम दाखवणारा काटा असेल तर ताडून बघा. डब्यावर एका चपट्या चमच्याचं वजन लिहिलेलं असतं. नेहमीच्या सवयीने दहा चमचे एका वाटीत काढा, वाटीचं वजन वजा करा आणि दहाने भागा. दुधाची बाटली करणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला हे वेगवेगळं करायला सांगा. आकडे किती वेगळे येतात ते पाहून माझ्याकडे येणारे पालक दरवेळी चकित होतात. (मोजलेली पावडर परत डब्यात घालू नका.)

तुमच्या बाबतीत आणखी एक शंका आहे. तीन डबे झाले म्हणजे घरात तीन चमचे आहेत. सगळ्या कंपन्यांचा चमचा सारख्या मापाचा नसतो. कुठे एक चमचा ३० मिलीला, तर कुठे ६० मिलीला असतो. आधीच्या डब्याचा चमचा हाताशी होता म्हणून नव्या डब्यात पडला, किंवा आधीच्या डब्याचं प्रमाण डोक्यात राहिलं, ही चूक मी अनेकदा पाहिली आहे. आज जुने दोन्ही चमचे टाकून द्या आणि चालू डब्यावरचं प्रमाण पुन्हा एकदा वाचा.

आता बाटली कशी करायची ते क्रमाने सांगते. हात धुवा, बाटली आणि बूच उकळून घेतलेलं असू द्या. पाणी उकळा आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू नका, म्हणजे ते ७० अंशांच्या खाली जाणार नाही. इतकं गरम कशाला, असं अनेकजण विचारतात. कारण पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर नावाचे जंतू असू शकतात आणि लहान बाळाला त्यांनी गंभीर आजार होऊ शकतो. ७० अंशांच्या पाण्यात ते मरतात. हे पाणी आधी बाटलीत घ्या. बाटली सपाट ओट्यावर ठेवून, डोळे खुणेच्या पातळीवर आणून माप बघा, कारण बाटली हातात वर धरून पाहिलं की माप चुकतं. मग चमचा हलक्या हाताने भरा, न दाबता, न आपटता, आणि सुरीच्या सरळ पाठीने वरचा भाग सपाट करून चमचे मोजून टाका. मोजता मोजता कुणी हाक मारली आणि तिसरा की चौथा हे विसरलात, तर ते पाणी ओतून द्या आणि पहिल्यापासून करा. बूच लावून हलवा, नळाच्या धारेखाली बाटली धरून निववा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. केलेलं दूध दोन तासांच्या आत संपवायचं. बाळाने तोंड लावून उरलेलं पुढच्या वेळेसाठी ठेवायचं नाही.

रात्री झोपेत असताना हा सगळा क्रम सांभाळणं कठीण असतं हे मला ठाऊक आहे. म्हणून झोपण्याआधी रात्रीच्या प्रत्येक बाटलीची पावडर चमच्याने मोजून छोट्या कोरड्या, स्वच्छ डब्यांत काढून ठेवा. मग रात्री फक्त १२० मिली गरम पाणी मोजायचं आणि त्यात पावडर ओतायची. क्रम आपोआप बरोबर राहतो.

दुधाचं एकूण प्रमाण तुमच्या बाळाला ठीक आहे. या वयात दर किलोमागे दिवसाला साधारण १५० मिली हा अंदाज धरतात. ५.६ किलोला ते ८४० मिली होतं आणि तुम्ही तेवढं देताच आहात. म्हणजे बाळ उपाशी राहिल्यामुळे शी कमी होतेय असं नाही.

सासूबाईंच्या सल्ल्यामागची काळजी मला समजते, घट्ट शी म्हणजे पाणी कमी हा त्यांचा तर्कही चुकीचा नाही. पण दूध पातळ करणं आणि दूध बरोबर प्रमाणात आणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डब्यावरच्या प्रमाणापेक्षा पाणी जास्त झालं की बाळाला पोषण कमी पडतं आणि रक्तातलं सोडियम खाली येऊन झटके येऊ शकतात. दोन बाटल्यांच्या मधे सुटं पाणी पाजणंही स्वतःच्या मनाने नको. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला लागणारं पाणी बरोबर केलेल्या दुधातूनच मिळतं, वेगळं द्यायची गरज आहे का हे डॉक्टर ठरवतील.

मधाबद्दल मी अगदी कडक बोलणार आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही लावायचं नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते निरुपद्रवी राहतात, पण बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात, त्याने स्नायू लुळे पडतात. याचं पहिलं लक्षण बहुतेक वेळा बद्धकोष्ठच असतं. पाठोपाठ चोखणं मंदावतं, रडणं क्षीण होतं, पापण्या जड होतात, मान सुटते. म्हणजे ज्या तक्रारीसाठी मध द्यायचा, तीच तक्रार या आजाराची सुरुवात असू शकते. आधीच चाटवून झाला असेल तर डॉक्टरांना न लपवता सांगा.

आता डबा बदलण्याबद्दल. बहिणीने सुचवलेला कमी लोहाचा डबा घेऊ नका. पावडरमधल्या लोहाने बाळाचं पोट घट्ट होतं हा समज सर्वत्र आहे, पण लोह जास्त आणि कमी असलेली दुधं बाळांना देऊन तुलना केली गेली आहे आणि बद्धकोष्ठात फरक आढळला नाही. लोहामुळे शीचा रंग गडद हिरवा होतो, तेवढं खरं. बाळाला वाढीसाठी, रक्तासाठी, मेंदूसाठी लोह लागतं, ते काढून घेण्यात नुकसानच आहे. दुग्धशर्करा नसलेलं, म्हणजे लॅक्टोजमुक्त दूधही या तक्रारीवरचं उत्तर नाही. लॅक्टोज न पचल्यास जुलाब होतात, खडे होत नाहीत. सोयाच्या पावडरीने तर शी आणखी घट्ट होऊ शकते.

मग बदलाचा उपयोग कधीच होत नाही का? दोन परिस्थितींत होतो. पहिली, वर सांगितलेल्या साबणाची. पाम तेल नसलेल्या, किंवा पामिटिक आम्ल मधल्या जागी बसवलेल्या पावडरीने शी थोडी मऊ होऊ शकते. डब्याच्या मागे घटकांची यादी असते, तिच्यात पाम तेल किंवा पाम ओलीन आहे का बघा. तुम्ही बदललेल्या तिन्ही डब्यांत ते असेल, तर तुम्ही तीन वेळा पैसे खर्च करून तेच दूध आणलंत. म्हणून माझा क्रम असा आहे: आधी आहे त्याच डब्याचं दूध दोन आठवडे बरोबर मापाने द्या. तरीही शी कडक राहिली, तर डॉक्टरांशी बोलून हा एक बदल करा, आणि केल्यावर पुन्हा दोन आठवडे थांबा. आतड्याला नव्या दुधाची सवय व्हायला दिवस लागतात. तीन-चार दिवसांत डबा बदलत राहिलं की कशाने काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही, ना तुम्हाला, ना मला.

दुसरी परिस्थिती गाईच्या दुधातल्या प्रथिनांच्या ॲलर्जीची. काही थोड्या बाळांत ती बद्धकोष्ठाच्या रूपात दिसते, पण सहसा एकटी येत नाही. सोबत अंगावर खाजरे चट्टे, वारंवार उलट्या, शीमध्ये चिकट आव मिसळलेलं रक्त, दूध नाकारणं किंवा वजन न वाढणं यांपैकी काहीतरी असतं. अशी शंका असेल तर डॉक्टर प्रथिनं खूप बारीक फोडलेली खास पावडर दोन ते चार आठवडे देऊन बघतात आणि फरक पडला तर जुनं दूध पुन्हा देऊन खात्री करतात. हे घरच्या घरी करायचं काम नाही. शेळीच्या दुधाची पावडर इथे चालत नाही, कारण तिची प्रथिनं गाईच्या दुधातल्या प्रथिनांसारखीच असतात आणि ॲलर्जी असलेलं बाळ तिलाही सहसा तसंच उत्तर देतं.

कालची रक्ताची रेघ ताजी लाल होती आणि खड्याच्या बाहेरच्या अंगाला होती, तर बहुधा गुदद्वाराच्या कडेला बारीक चीर पडली आहे. तिची आग होते म्हणून बाळ शी अडवून धरतं, अडवलेली शी आणखी सुकते आणि पुढच्या वेळी चीर पुन्हा उघडते. यासाठीच डॉक्टरांकडे लवकर जा असं म्हणते. दूध सुधारल्यावर नवी शी मऊ तयार होईल, पण आत आधीच साठलेले खडे त्याने विरघळणार नाहीत. डॉक्टर तपासून लॅक्ट्युलोजसारखं औषध वजनाच्या हिशेबाने देतील. ते आतड्यात पाणी ओढून ठेवतं. गरज वाटली तर एखादी ग्लिसरीनची वळी ते एकदा वापरतील. तुम्ही स्वतः साबणाची कांडी, थर्मामीटर किंवा तेल लावलेलं बोट आत घालू नका. चीर मोठी होते आणि बाळाला बाहेरून टोचल्याशिवाय शी न करण्याची सवय लागते. फळांचा रसही डॉक्टरांनी माप सांगितल्याशिवाय नको.

तोवर घरी करण्यासारखं एवढंच: दूध पाजल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने बाळाला उताणं ठेवून पाय सायकल चालवल्यासारखे हलवा, गुडघे हलकेच पोटाशी आणा, कोमट पाण्याने आंघोळ घाला, बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हात फिरवा. गुदद्वाराच्या बाहेरच्या त्वचेवर थोडं पेट्रोलियम जेली लावा.

डॉक्टर तुम्हाला एक प्रश्न नक्की विचारतील: जन्मानंतर पहिली काळी शी किती तासांत झाली? निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला ती बहुधा पहिल्या २४ तासांत होते आणि ४८ तासांच्या पुढे सहसा जात नाही. ती उशिरा झाली असेल आणि तक्रार जन्मापासूनच असेल, तर हर्शस्प्रुंगचा आजार तपासावा लागतो. त्यात आतड्याच्या शेवटच्या भागात हालचाल घडवणाऱ्या मज्जापेशीच नसतात. तुमच्या बाळाची शी अडीच महिन्यांपर्यंत ठीक होती, म्हणून मला त्याची शंका कमी वाटते, पण आठवून जा. शी पट्टीसारखी चपटी येत असेल, पाय ढिले वाटत असतील, माकडहाडाजवळ खोल खड्डा किंवा केसांचा पुंजका असेल, किंवा बाळ फार सुस्त, थंड, कोरड्या त्वचेचं आणि घोगऱ्या रडण्याचं असेल, तर तेही सांगा. ढिले पाय आणि माकडहाडाजवळचा खड्डा किंवा पुंजका ही लक्षणं पाठीच्या कण्याशी, आणि सुस्तीपासून पुढची शेवटची लक्षणं थायरॉईडशी जोडलेली असू शकतात.

काही वेळा दोन दिवस थांबायचंही नाही. हिरवी उलटी झाली, पोट फुगून ताठ झालं, ताप आला, शीमध्ये रक्त जास्त दिसलं, बाळ दूध घेईना किंवा उठवूनही नीट जागं होईना, दिवसभरात ओले डायपर सहाच्या बरेच खाली आले, तर त्याच वेळी, रात्र असली तरी रुग्णालयात न्या. शी पांढुरकी, मातकट फिकी झाली तर तोही लगेच दाखवायचा बदल आहे, तो यकृत आणि पित्तनलिकेशी संबंधित असतो.

जाताना चालू डबा, त्याचा चमचा आणि रोजची बाटली पिशवीत टाका, आणि डायपरमधल्या शीचा फोटो मोबाईलवर ठेवा. नवऱ्यालाही सोबत न्या, आणि डॉक्टरांसमोर दोघांनी आपापली बाटली करून दाखवा.